प्रतिनिधी, सोलापूर

रात्री साडेदहाला ऑफिसमधून घरी आले तेव्हा मैत्रिणीचा मेसेज येऊन पडला होता. एक लिंक, आणि खाली फक्त एवढंच : "तुझ्यासाठीच आहे. गपचूप भर."

एका डिजिटल न्यूजरूमला ग्रामीण महाराष्ट्रासाठी बातमीदार हवा होता. जाहिरातीत पगाराचा आकडा दिला होता, याचंच मला आधी नवल वाटलं. त्याखाली तीन अटी होत्या. एक, किमान दोन बीटवर सातत्याने केलेलं काम. दोन, स्वतःच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या पाच बातम्या किंवा लेख, आणि प्रत्येकात तुमचा वाटा नेमका काय होता याच्या दोन ओळी. तीन, मराठी आणि इंग्रजीत लेखन, शिवाय आणखी किमान एका भारतीय भाषेत वार्तांकन.

मी नऊ वर्षं सोलापुरात एका मराठी दैनिकात बातमीदार आहे. म्हटलं, हे तर सगळं माझ्याकडे आहे. लॅपटॉप उघडला आणि २०१९ साली बनवलेला बायोडाटा जाहिरातीच्या शेजारी ठेवला.

बायोडाटात लिहिलं होतं : 'गुन्हे, महापालिका, शिक्षण, आरोग्य, बाजार समिती, सांस्कृतिक अशा विविध बीटचा अनुभव.' त्याखाली : 'दोन हजारांहून अधिक बातम्या प्रसिद्ध.' आणि शेवटी : 'भाषा : मराठी, हिंदी, इंग्रजी, तेलुगू, कन्नड.'

यातलं काहीही खोटं नव्हतं. पण जाहिरातीतल्या एकाही अटीचं उत्तर त्यात नव्हतं. जाहिरात विचारत होती, दाखवा. मी सांगत होते, आहे.

*

सगळ्यात सोपी वाटली ती दुसरी अट. दोन हजारांतल्या पाच निवडायला कितीसा वेळ लागणार?

इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. जिल्ह्याच्या पेपरात रोजच्या बातमीवर बातमीदाराचं नाव नसतं. बातमी सुरू होते 'प्रतिनिधी, सोलापूर' अशी. नाव मिळतं ते रविवारच्या लेखाला, किंवा एखादी बातमी मुख्य आवृत्तीच्या पहिल्या पानावर गेली तर, तेही डेस्कवरच्या माणसाच्या मनात आलं तर. शिवाय जिल्ह्याच्या पानावरच्या बहुतेक बातम्या पेपरच्या वेबसाइटवर चढतच नाहीत. त्या फक्त छापील अंकात आणि ई-पेपरमध्ये असतात, आणि ई-पेपर म्हणजे पानाचा फोटो. त्यातला मजकूर गूगलवर शोधून सापडत नाही.

मी मोबाइलमध्ये चौदा लिंक जपून ठेवल्या होत्या. एकेक उघडून पाहिली. मधल्या काळात पेपरची वेबसाइट बदलली होती. बारा लिंक थेट मुखपृष्ठावर नेऊन सोडत होत्या. एकीवर अंक दिसत होता, पण दुसऱ्याच आवृत्तीचा. चालू असलेली एकमेव लिंक होती गणेशोत्सवातल्या ढोल पथकांवरच्या लेखाची. वेबॅक मशीनवरही शोधलं. तिथे मुखपृष्ठाच्या प्रती होत्या, पण माझी पानं नव्हती. लॉगिनच्या मागची पानं अशा ठिकाणी सहसा साठवली जात नाहीत.

कात्रणांची फाइल होती, पण ती २०१८पर्यंतचीच. त्यानंतर मी कात्रणं कापायची सोडून फोटो काढायला लागले होते, आणि तो फोन कधीच गेला होता.

माझी साप्ताहिक सुट्टी बुधवारची. पुढच्या बुधवारी मी गावातल्या जुन्या वाचनालयात गेले. तिथे आमच्या पेपरचे महिन्या-महिन्याचे अंक बांधून ठेवतात.

"कुठल्या तारखेचा अंक हवाय?" तिथल्या काकांनी विचारलं.

"तारीखच तर आठवत नाही, काका."

"मग बातमी कशाची होती ते सांगा. कांद्याची असेल तर हिवाळा काढतो, पाण्याची असेल तर मे."

मी हिवाळा मागितला. फेब्रुवारी २०२३चा गठ्ठा समोर आला, आणि मी एक वेगळंच काम करत बसले. त्या महिन्यातल्या माझ्या सगळ्या बातम्या मोजल्या. नाव नसलं तरी आपली बातमी ओळखता येते, जसं दुसऱ्याच्या घरच्या दोरीवर वाळत घातलेली आपली ओढणी ओळखता येते. एकूण एकाहत्तर निघाल्या. त्यातल्या त्रेचाळीस प्रेसनोट होत्या, म्हणजे कुणीतरी पाठवलेला मजकूर मी नीट करून दिलेला. एकोणीस कार्यक्रम आणि भाषणं होती. उरल्या नऊ. या नऊ मी स्वतः कुठेतरी जाऊन, कुणालातरी विचारून, काहीतरी कागद पाहून आणलेल्या होत्या.

बायोडाटातल्या 'दोन हजारांहून अधिक'चा अर्थ त्या दिवशी कळला. जाहिरात 'तुमचा वाटा काय होता' असं का विचारते, तेही कळलं.

नाव नसलेली बातमी माझीच आहे, हे समोरच्याला पटवायचं कसं, हा प्रश्न उरलाच. त्याचं उत्तर माझ्या ईमेलमध्ये होतं. आमच्याकडे अनेक जण बातमी स्वतःच्या मेलवरूनच डेस्कला पाठवतात. पाठवलेल्या मेलच्या खणात माझी मूळ कॉपी तारीख-वेळेसकट शाबूत होती. छापील कात्रणाचा फोटो आणि आदल्या संध्याकाळी पाठवलेली कॉपी शेजारी ठेवली की बातमी कुणाची हे दिसतं. डेस्कने काय कापलं, तेही दिसतं. मात्र कॉपी जशीच्या तशी जोडणं धोक्याचं. मूळ कॉपीत डेस्कसाठी म्हणून लिहिलेली, छापायची नसलेली नावं असतात. दोन कॉप्यांमध्ये अशी तीन नावं निघाली. ती काळी केली, मगच फोटो काढले.

*

आता बीट. त्या नऊ बातम्या टेबलावर एका ओळीत मांडल्या, तेव्हा दिसलं की त्यातल्या सहा बाजार समितीतल्या होत्या. ऑफिसच्या वाटपात मी त्या वर्षी शिक्षण आणि आरोग्य बघत होते. बाजार समिती माझ्याकडे अशीच आली होती, सकाळी लवकर उठणारं दुसरं कुणी नव्हतं म्हणून.

सोलापूरची बाजार समिती कांद्याची मोठी बाजारपेठ आहे. हंगामात रोज शेकडो गाड्या येतात. रोज दुपारी आवक आणि भाव यांचा तक्ता मिळतो : किमान, कमाल आणि सर्वसाधारण. नव्या बातमीदाराची बातमी कमाल भावाची असते, कारण तो आकडा मोठा असतो. मीही दोन वर्षं तेच केलं. पण कमाल भाव दिवसभरातल्या एखाद-दुसऱ्या वक्कलाला मिळालेला असू शकतो. मोठा, कोरडा, एकसारखा कांदा असेल तर. पाच-पन्नास पिशव्यांचा तो भाव आपण मथळ्यात टाकतो, आणि तो वाचून दुसऱ्या दिवशी कुणीतरी शंभर पिशव्या भरून गाडी सोलापूरला पाठवतो.

खरी बातमी तक्त्यात नसते, पट्टीत असते. पट्टी म्हणजे अडत्याने शेतकऱ्याला दिलेला हिशेबाचा कागद. फेब्रुवारी २०२३मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची पट्टी देशभर गाजली. ५१२ किलो कांदा, भाव किलोला एक रुपया, गाडीभाडं-हमाली-तोलाई वजा जाता हातात दोन रुपयांचा चेक. ती बातमी मी आणलेली नव्हती. ती वाचून मी दुसऱ्या दिवशी पहाटे यार्डात गेले आणि येईल त्याच्याकडे एकच मागणी करत फिरले, दादा, पट्टी दाखवता का?

आठवड्यात अकरा पट्ट्या जमल्या. एक अजून लक्षात आहे. चाळीस पिशव्या, वजन दोन हजार किलो, भाव किलोला साडेतीन रुपये. म्हणजे सात हजार. त्यातून गाडीभाडं, हमाली, तोलाई मिळून दोन हजार पन्नास गेले. हातात चार हजार नऊशे पन्नास. शेतातली काढणी, कापणी, रिकाम्या पिशव्या यांचा खर्च पट्टीत येत नाही, तो त्या शेतकऱ्याने बोटांवर मोजून सांगितला. तो धरला तर आकडा शून्याच्या खाली जात होता. त्याच दिवशी आमच्या पानावर कमाल भाव क्विंटलला हजाराच्या वर छापला होता, आणि तो चुकीचा नव्हता.

दुसऱ्या एका पट्टीवर मला 'आडत' असा रकाना भरलेला दिसला. २०१६पासून राज्यात भाजीपाला, फळं, कांदा-बटाट्याची आडत शेतकऱ्याकडून नाही, खरेदीदाराकडून घ्यायची आहे. हे माहीत नसतं तर तो रकाना हमालीसारखाच एक वाटला असता. बीट बघितल्याने एवढंच होतं. कागदावर काय असायला नको, ते दिसायला लागतं.

पुढच्या महिन्यात सरकारने कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान जाहीर केलं, एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त दोनशे क्विंटलपर्यंत, १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात विकलेल्या कांद्यासाठी. अर्जाला विक्रीची मूळ पट्टी आणि सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीतली कांद्याची नोंद लागणार होती. मी त्याच अकरा जणांना फोन केले. चौघांच्या सातबाऱ्यावर कांदाच नव्हता. कुणाचं नेटवर्क नव्हतं, कुणी नोंद केली होती पण मागच्या हंगामातल्या पिकाची. घोषणेच्या दिवशी सगळ्या पेपरांत एकच बातमी होती. माझ्याकडे दुसरी होती, केवळ माझ्याकडे त्या अकरा जणांचे नंबर होते म्हणून.

बायोडाटातली सहा बीटची ओळ मी खोडली. तिथे लिहिलं : 'कांदा आणि बाजार समिती, २०२१पासून.' दुसरं बीट शोधायला आणखी दोन बुधवार आणि तीन गठ्ठे लागले. ते निघालं विडी कामगार. आणि तिथे मला तिसऱ्या अटीने गाठलं.

*

मी सोलापूरच्या पूर्व भागात वाढले. आमच्या चाळीत तेलुगू घरं जास्त, मराठी कमी. शाळेत जायच्या आधीपासून कानावर तेलुगू आहे. शिवी, हिशेब, थट्टा, सगळं कळतं. बायोडाटात 'तेलुगू' लिहिताना हात अडखळायचं कारणच नव्हतं.

विडी वळणाऱ्या बायकांमध्ये तेलुगू बोलणाऱ्या खूप. कारखान्याच्या शाखेतून पान आणि तंबाखू घरी आणायचा, विड्या वळायच्या, दुसऱ्या दिवशी जमा करायच्या. मजुरी हजार विड्यांवर. जमा करताना तिथला माणूस तपासून काही विड्या बाजूला काढतो. त्यांचे पैसे मिळत नाहीत. किती काढतो, आणि काढलेल्या विड्यांचं पुढे काय होतं, यावर मी बातमी करत होते. एका अक्काने मला सांगितलं की तिच्या एका दिवसाच्या कामातून दीडशे विड्या काढल्या. कधी, असं विचारलं तर म्हणाली, "मोन्न."

मोन्न म्हणजे परवा. मी बोलत होते बुधवारी. बातमीत लिहिलं, सोमवारी.

बातमी छापून आल्यावर दोन दिवसांनी कारखान्याचं पत्र आलं. सोमवारी ती शाखा बंद होती, त्याचा पुरावा सोबत होता. मी अक्काकडे धावत गेले. ती म्हणाली, अगं, मोन्न म्हणजे मोन्न, मागे, पंधरा-वीस दिवस झाले असतील. मराठीत आपणही नाही का म्हणत, परवा-परवापर्यंत ते दुकान होतं तिथे. मला हे मराठीत कळत होतं. तेलुगूत मला फक्त शब्दाचा अर्थ माहीत होता, त्याची सैल बाजू माहीत नव्हती. चाळीत खेळताना कुणी तारीख नक्की करत नाही.

आम्ही चार ओळींचा खुलासा छापला. तारीख चुकली होती, तक्रार खरी होती, पण खुलाशानंतर तक्रारही गेली. त्या गल्लीतल्या तीन बायकांनी माझ्याशी पुन्हा बोलायचं टाळलं. अक्का बोलत राहिली, पण तिच्या विड्या नंतरचे काही आठवडे जास्तच काटेकोर तपासल्या गेल्या, असं तिने मला सांगितलं. तिने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, म्हणून ते जास्त लागलं.

तपासता आलं असतं. प्रत्येकीकडे रोजच्या जमा विड्यांची नोंद असलेलं पासबुक असतं. मी ते मागितलंच नव्हतं, कारण मला भाषा येते असं मला वाटत होतं. ज्या भाषेत आपण अडखळतो तिथे आपण कागद मागतो, दोनदा विचारतो, 'संक्रांतीच्या आधी की नंतर' असं विचारतो. अक्कलकोटकडे कन्नड बोलणाऱ्या शेतकऱ्यांशी बोलताना मी हे सगळं करते, कारण माझी कन्नड भाव आणि पाऊस विचारण्यापुरती आहे. म्हणून तिकडे माझी अशी चूक झालेली नाही.

त्या रात्री मी बायोडाटातली भाषांची ओळ काढून चार रकाने केले. ऐकून समजतं का, मुलाखत घेता येते का, कागद वाचता येतो का, छापण्याजोगं लिहिता येतं का. मराठी चारही. हिंदी चारही, लिहिताना थोडी मदत लागते. तेलुगू दोन रकाने, तिसरा रिकामा, कारण मला तेलुगू लिपी येत नाही. त्यापुढे लिहिलं : 'तारखा आणि रकमा दुभाष्याकडून किंवा कागदावरून तपासून घेते.' कन्नडचा जेमतेम एक रकाना. आणि इंग्रजी? वाचता येतं, शासन निर्णय आणि कोर्टाचे निकाल रोज वाचते. चौथ्या रकान्यात मी बराच वेळ काही लिहिलं नाही. मग 'नाही' लिहिलं.

पाच कामांत मी चार बातम्या आणि तो खुलासा जोडला. 'तुमचा वाटा' या ओळीत लिहिलं, चूक माझी होती, ती कशी झाली ते असं असं.

मैत्रिणीला पाठवून बघितलं. तिचा लगेच फोन आला. "अगं, लोक नसलेलं लिहितात आणि तू असलेलं खोडतेस?"

"विचारलंय तेवढंच लिहिलंय."

"मग झालंच तुझं."

*

बारा दिवसांनी त्यांचा फोन आला. संपादकबाई तासभर बोलल्या. त्यातली वीस मिनिटं 'मोन्न'वर गेली. आडतीच्या रकान्याबद्दल विचारलं, त्या अकरा जणांपैकी किती जणांना पुढे अनुदान मिळालं ते विचारलं. मला सात जणांचंच सांगता आलं. शेवटी इंग्रजीत तीनशे शब्दांची एक बातमी लिहून मागितली. मी चार तास बसले. जे झालं ते शाळेतल्या निबंधासारखं झालं.

ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. इंग्रजी त्यांना खरंच हवं होतं, जाहिरातीत तसं लिहिलेलंच होतं. पण त्यांनी विचारलं, बाहेरून बातम्या द्याल का, मराठीत लिहा, भाषांतर आम्ही करू. मी ऑफिसात रीतसर विचारलं. आमच्या पेपरला नको असलेले विषय असतील तर करा, असं उत्तर आलं.

पहिली बातमी मी विडीचीच दिली. या वेळी शेजारच्या घरातल्या मुलीला सोबत नेलं. ती बारावीत आहे, घरी तेलुगू, शाळेत मराठी, आजीकडून तेलुगू लिपीही शिकली आहे. तिने चौदा पासबुकं माझ्यासमोर उघडून तारखा लावल्या. जमा विड्या आणि काढलेल्या विड्या यांचा हिशेब आम्ही दोघींनी वेगवेगळा केला आणि मग जुळवला. दोन ठिकाणी जुळला नाही, ती दोन पासबुकं बातमीतून गाळली.

बातमी पाठवताना मी एक विनंती केली. ती त्यांनी मान्य केली. बातमी आली तेव्हा वर माझं नाव होतं, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात एक ओळ : तेलुगू मुलाखती आणि नोंदींसाठी साहाय्य, आणि पुढे तिचं नाव.

संध्याकाळी ती जिन्यात भेटली. म्हणाली, "ताई, ती लिंक मला पाठवा ना. बायोडाटात टाकते."

मी लिंक पाठवली. सोबत पानाचा फोटोही पाठवला, आणि सांगितलं, हा नीट जपून ठेव.